खासगी फोटो लॉक्ड फोल्डरमध्ये कसे ठेवावेत, अ‍ॅप लॉक कसा लावावा आणि पासवर्ड विसरल्यास काय करावं

खासगी म्हटलं की अनेकांच्या मनात भलतंच येतं. प्रत्यक्षात फोनमधले खासगी फोटो बहुतेक वेळा अगदी साधे असतात. ऑपरेशनच्या जखमेचा डॉक्टरांना पाठवायला काढलेला फोटो, बाळाच्या अंघोळीचे फोटो, आधार कार्ड, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान, बहिणीच्या घटस्फोटाच्या कागदांचे फोटो. लपवण्यासारखं त्यात काही नसतं, पण लग्नाचा अल्बम दाखवायला फोन दुसऱ्याच्या हातात दिला आणि त्याचं बोट एक फोटो पुढे सरकलं, तर आपल्याला कसंसं होतं. ते टाळायचा प्रत्येकाला हक्क आहे.

हा लेख अँड्रॉइड फोन वापरणाऱ्यांसाठी आहे आणि ज्यांनी यापूर्वी असं काही केलेलं नाही, त्यांच्यासाठी आहे. मुख्य उदाहरण गुगल फोटोजच्या लॉक्ड फोल्डरचं घेतलं आहे, कारण गुगल फोटोज बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये आधीपासूनच असतं आणि त्यासाठी वेगळं काही डाउनलोड करावं लागत नाही. ही सोय 2021 मध्ये आधी पिक्सेल फोनवर आली आणि नंतर इतर अँड्रॉइड फोनवर.

पायऱ्यांकडे जाण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा, कारण पुढचं सगळं त्याच्या उत्तरावर ठरतं.

## तुमच्या फोनचा पिन कोणाकोणाला माहीत आहे?

गुगल फोटोजच्या लॉक्ड फोल्डरला स्वतःचा वेगळा पासवर्ड नसतो. फोनची स्क्रीन उघडायला जो पिन, पॅटर्न किंवा बोटाचा ठसा लागतो, त्यानेच हे फोल्डरही उघडतं. म्हणजे नातवाला गेम खेळायला पिन सांगून ठेवला असेल, तर त्याला लॉक्ड फोल्डरही उघडता येईल. नवऱ्याचं, मुलीचं बोट फोनमध्ये नोंदवलेलं असेल, तर त्यांच्यासाठीही ते फोल्डर उघडंच आहे.

घरोघरी हेच चित्र असतं. फोन घेतला त्या दिवशी सगळ्यांनी हौसेने बोटं लावून पाहिलेली असतात आणि नंतर ती कोणी काढत नाही. म्हणून सगळ्यात आधी फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन स्क्रीन लॉकच्या पानावर बोटांचे ठसे किती नोंदवलेले आहेत ते बघा. आपले नसलेले पुसून टाका. कोणतं कोणाचं ते कळत नसेल, तर सगळे पुसून आपली दोन बोटं नव्याने नोंदवा, दोन्ही हातांचं एकेक. भांडी घासताना किंवा भाजी चिरताना एका बोटाला कापलं, तर दुसरं कामाला येतं.

पिन इतरांना ठाऊक असेल तर तोही बदला. घरच्यांना पिन सांगणं भागच असेल, म्हणजे आजारपण, वय, किंवा एकच फोन दोघांत, तर गुगल फोटोजचा लॉक्ड फोल्डर तुमच्या कामाचा नाही. तुम्हाला वेगळा पासवर्ड असलेली जागा लागेल. रेडमी आणि पोकोच्या गॅलरीत खासगी अल्बम असतो, सॅमसंगमध्ये सिक्युअर फोल्डर, ओप्पो, रियलमी आणि वनप्लसमध्ये प्रायव्हेट सेफ. अँड्रॉइड 15 पासून काही फोनमध्ये प्रायव्हेट स्पेस नावाचा वेगळा कप्पाही मिळतो. गुगलच्याच फाइल्स अ‍ॅपमध्ये सेफ फोल्डर आहे आणि त्याला फोनच्या पिनहून वेगळा पिन ठेवता येतो. मात्र वेगळा पासवर्ड म्हणजे लक्षात ठेवायची वेगळी गोष्ट, आणि तो विसरल्यावर परतीची वाट प्रत्येक ठिकाणी वेगळी. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

## लॉक्ड फोल्डर तयार करणं

समजा, एका साठीच्या बाईंकडे रेडमीचा फोन आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, टाक्यांचे फोटो काढून त्यांनी डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. आता ते फोटो त्यांना टाकायचे नाहीत, पुढच्या तपासणीला लागतील. पण नातवंडं फोन घेतात, मैत्रिणी भिशीत फोटो बघतात. फोनचा पिन फक्त त्यांनाच माहीत आहे. त्यांनी काय करायचं ते क्रमाने बघू.

1. गुगल फोटोज उघडा. खालच्या पट्टीत `Collections` असं लिहिलेलं दिसेल, ते दाबा. त्या पानावर कुलपाच्या चित्रासह `Locked` शोधा. जुन्या आवृत्तीत हेच `Library` आणि `Utilities` च्या आत असतं.

2. `Set up Locked Folder` दाबा. फोन पिन किंवा बोट मागेल. इथेच तो विचारतो की या फोल्डरचा बॅकअप सुरू करायचा का. घाईत कोणतंही बटण दाबू नका. या निर्णयावर पुढे सगळा एक भाग आहे, तो वाचून मग ठरवा.

3. आता मुख्य फोटोंच्या पानावर या. टाक्यांचा एक फोटो, फक्त एकच, दाबून धरा म्हणजे तो निवडला जाईल. खाली जे पर्याय येतात त्यांत `Move to Locked Folder` शोधा. दिसत नसेल तर ती पट्टी डावीकडे सरकवा किंवा वर ओढा. तो पर्याय दाबा आणि `Move` वर पुन्हा दाबून खात्री द्या. फोन परवानगी मागेल, ती द्या.

4. पुन्हा `Collections` मधून `Locked` उघडा. फोटो तिथे आहे का बघा. मग मुख्य पानावर तो दिसत नाही ना, फोनच्या दुसऱ्या गॅलरीतही दिसत नाही ना, हे बघा.

5. तोच फोटो फोल्डरमधून बाहेर काढून बघा. निवडा, `Move` दाबा, तो परत मुख्य पानावर येतो. मग पुन्हा आत टाका.

पाचवी पायरी कंटाळवाणी वाटते, पण ती सोडू नका. आत टाकणं सगळ्यांना जमतं. बाहेर कसं काढायचं हे एकदा हाताने केलेलं नसेल, तर सहा महिन्यांनी डॉक्टरांच्या दवाखान्यात बसून ते सुचत नाही. एक फोटो आत-बाहेर नीट होतो आहे हे पाहिल्यावरच उरलेले टाका.

आत गेलेला फोटो शोधात येत नाही, जुन्या आठवणींच्या पट्टीत येत नाही, अल्बममध्ये टाकता येत नाही आणि तिथूनच कोणाला पाठवताही येत नाही. त्या फोल्डरचा स्क्रीनशॉटही निघत नाही. डॉक्टरांना पाठवायचा असेल तर आधी बाहेर काढायचा, पाठवायचा आणि परत आत टाकायचा. थोडा त्रास आहे, पण तो मुद्दाम ठेवलेला आहे.

## बॅकअपचा प्रश्न: इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं

नवख्या माणसाला वाटतं, फोटो आत टाकला म्हणजे तो अधिक सुरक्षित झाला. दुसऱ्यांच्या नजरेपासून झाला, हे खरं. पण हरवण्यापासून?

तुमच्या गुगल फोटोजचा नेहमीचा बॅकअप सुरू असेल, तर फोटोची एक प्रत फोनमध्ये आणि एक गुगलच्या खात्यात असते. लॉक्ड फोल्डरचा बॅकअप बंद ठेवून तोच फोटो आत टाकला, की खात्यातली प्रत काढून टाकली जाते. उरते ती फक्त फोनमधली. म्हणजे काल ज्या फोटोच्या दोन प्रती होत्या, त्याची आज एकच राहिली. फोन पाण्यात पडला, चोरीला गेला, रिसेट करावा लागला, किंवा कोणी जागा कमी पडते म्हणून गुगल फोटोज अ‍ॅप काढून टाकलं वा त्याचा डेटा पुसला, तर तो फोटो गेला. तो गुगलही परत देऊ शकत नाही, कारण त्यांच्याकडे तो नसतोच.

नवा फोन घेतानाही हेच होतं. दुकानदार जुन्या फोनमधलं सगळं नव्यात टाकून देतो, ग्राहक खूश होऊन जुना फोन एक्सचेंजला देतो, आणि आठवड्याने लॉक्ड फोल्डर उघडलं तर रिकामं. बॅकअप नसलेले लॉक्ड फोटो त्या बदलात येत नाहीत.

बॅकअप सुरू ठेवला तर प्रती गुगलच्या खात्यात राहतात आणि त्याच खात्याने दुसऱ्या फोनवर फोल्डर उघडता येतं. हा बॅकअप 2023 पासून मिळतो. खात्याच्या 15 जीबी मोफत जागेत तो मोजला जातो, त्यामुळे ती आधीच भरली असेल तर नवे फोटो वर जाणार नाहीत आणि तुम्हाला वाटेल की गेले.

मग काय करावं? माझं मत स्पष्ट आहे. टाक्यांचे फोटो, कागदपत्रं, बाळाचे फोटो, म्हणजे गमावले तर दुःख होईल असं काही असेल, तर बॅकअप सुरू करा. एखादा फोटो कुठल्याही परिस्थितीत फोनच्या बाहेर जाऊ नये असं तुम्हाला वाटत असेल, तर बॅकअप बंद ठेवा, पण तो कधीही नाहीसा होऊ शकतो हे मान्य करूनच. बॅकअप बंद ठेवून फोटोही कायम टिकावा, असं इथे होत नाही.

आधी नको म्हटलं असेल तरी नंतर लॉक्ड फोल्डर उघडून त्याच्या सेटिंगमधून बॅकअप सुरू करता येतो. सुरू केल्यावर वायफायवर काही वेळ फोन राहू द्या आणि सगळे फोटो वर गेले आहेत ना ते तपासा. आणि बॅकअप सुरू केला की गुगल खात्याचा पासवर्ड ही दुसरी किल्ली होते, हे लक्षात असू द्या. खात्याचा पासवर्ड मुलाने टाकून दिला होता आणि आपल्याला तो कधी माहीतच नव्हता, ही अवस्था असेल तर आजच त्याला विचारून घ्या.

## आत टाकला, पण प्रती बाहेर राहिल्या

आपल्या उदाहरणातल्या बाईंनी फोटो डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते. पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपने त्याची स्वतःची एक प्रत करून ठेवली. मूळ फोटो लॉक्ड फोल्डरमध्ये गेला तरी ही प्रत तशीच राहते. फाइल मॅनेजरमध्ये ती इथे सापडते:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Images/Sent
```

हे `Sent` फोल्डर गॅलरीत सहसा दिसत नाही, त्यामुळे लोकांना ते ठाऊकच नसतं. फाइल मॅनेजर उघडला की मात्र सगळं दिसतं. तिथली प्रत पुसली तर चॅटमधला तो फोटो पुन्हा उघडणार नाही, एवढंच. चॅटमध्येही तो राहायला नको असेल, तर डॉक्टरांच्या चॅटमधून तो फोटो पुसताना फोनमधली फाइलही पुसायचा पर्याय ठेवा.

डॉक्टरांकडून किंवा नातेवाइकांकडून आलेले फोटो गॅलरीत आपोआप येऊ नयेत, असं वाटत असेल तर व्हॉट्सअ‍ॅपच्या `Settings` मध्ये `Chats` च्या आत `Media visibility` बंद करा. एकाच व्यक्तीपुरतं बंद करायचं असेल, तर त्या चॅटच्या नावावर दाबून तिथलं `Media visibility` बदला.

आणखी दोन ठिकाणं बघा. गॅलरीची कचरापेटी, कारण फोटो पुसला की तो काही दिवस तिथे पडून असतो. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला 60 दिवस आणि न झालेला 30 दिवस राहतो. आणि तो फोटो कधी शेअर्ड अल्बममध्ये टाकला असेल किंवा घरातला लॅपटॉप जोडून तिथे कॉपी केला असेल, तर त्या प्रतींना लॉक्ड फोल्डर हात लावत नाही.

## अ‍ॅप लॉक: काय अडतं, काय अडत नाही

आता बाईंना वाटतं, गुगल फोटोज आणि व्हॉट्सअ‍ॅप हे दोन्ही उघडतानाच पासवर्ड विचारला तर बरं. फोन नातवाच्या हातात खुला असतानाही ही दोन अ‍ॅप बंद राहतील. हे अ‍ॅप लॉकचं काम, आणि रेडमीमध्ये त्यासाठी काही डाउनलोड करावं लागत नाही.

सेटिंग्जमध्ये `Apps` आणि त्यात `App lock`. काही फोनमध्ये `Security` नावाच्या अ‍ॅपमध्ये हेच सापडतं. पहिल्यांदा उघडलं की पॅटर्न काढायला सांगतं. हा पॅटर्न फोनच्या पिनहून वेगळा ठेवा, नाहीतर दोन कुलपांचा काही उपयोग नाही. त्यानंतर शाओमी खातं जोडायचं का, असं विचारतं. बहुतेक जण इथे पुढे ढकलतात. जोडा. पॅटर्न विसरलात तर परत यायची वाट ह्या खात्यातून जाते, आणि ती वाट आत्ताच तयार करावी लागते. विसरल्यावर ती तयार करता येत नाही.

मग ज्या अ‍ॅपना कुलूप हवं त्यांच्यापुढचं बटण चालू करा. गुगल फोटोज, व्हॉट्सअ‍ॅप, फोनची स्वतःची गॅलरी आणि फाइल मॅनेजर, ही चारही. एकच सोडलं तरी त्यातून फोटो दिसतात. वरच्या कोपऱ्यातल्या सेटिंगमध्ये दोन गोष्टी बघा. पहिली, कुलूप पुन्हा केव्हा लागावं. अ‍ॅपमधून बाहेर पडताच लागेल असं ठेवा. फोनची स्क्रीन बंद झाल्यावर लागेल असं ठेवलं, तर तुम्ही एकदा व्हॉट्सअ‍ॅप उघडल्यावर फोन हातोहात फिरेपर्यंत ते उघडंच राहतं. दुसरी, बोटाने उघडायची परवानगी. फोनमध्ये दुसऱ्यांची बोटं नोंदवलेली असतील तर ती बंद ठेवा. लॉक केलेल्या अ‍ॅपच्या सूचनांचा मजकूर लपवायचा पर्यायही तिथेच असतो.

अ‍ॅप लॉक अ‍ॅपचं दार बंद करतो, फोटो हलवत नाही. फोटो जिथे होते तिथेच असतात. त्यामुळे गॅलरीला कुलूप असलं तरी एखाद्या कुलूप नसलेल्या अ‍ॅपमधून फोटो जोडायला गेलात, की तिथल्या निवडीच्या पट्टीत सगळे ताजे फोटो ओळीने दिसतात. फोन उघडा करून केबलने लॅपटॉपला जोडला तर कॅमेऱ्याचं सगळं फोल्डर तिथे उघडतं. म्हणून खरोखर खासगी फोटो आधी लॉक्ड फोल्डरमध्ये किंवा खासगी अल्बममध्ये जायला हवा. अ‍ॅप लॉक त्यानंतरचं दुसरं दार.

प्ले स्टोअरवरची अ‍ॅप लॉकची अ‍ॅप्स मी सुचवत नाही. इतर अ‍ॅपवर आपली पाटी दाखवायची परवानगी ती मागतात, बॅटरी वाचवण्यासाठी फोनने त्यांना बंद केलं की कुलूप गळून पडतं, आणि सेटिंग्जमध्ये जाऊन कोणीही ते अ‍ॅप काढून टाकलं की कुलूप संपलं. फोन सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त मूळची अ‍ॅप्स चालतील अशा पद्धतीने, सुरू केला तर अशी अ‍ॅप्स चालतच नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपपुरतं कुलूप हवं असेल तर त्याच्या स्वतःच्या `Privacy` मध्येच `App lock` आहे, तो वापरा.

## पासवर्ड विसरलात, तर

पहिल्यांदा शांतपणे ठरवा, नक्की काय विसरलात. फोनचा पिन, अ‍ॅप लॉकचा पॅटर्न, की गुगल खात्याचा पासवर्ड? तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत, आणि घाबरून भलत्याच ठिकाणी हात घातला तर वाचवता येण्यासारखे फोटोही जातात.

फोनचा पिन आठवत नाही, पण बोटाने फोन अजून उघडतो आहे. ही वेळ फार मोलाची आहे. फोन बंद करू नका, रिस्टार्ट करू नका, बॅटरी संपू देऊ नका. रिस्टार्ट झाल्यावर फोन पहिल्यांदा पिनच मागतो, बोट चालत नाही. शिवाय अँड्रॉइड अधूनमधून स्वतःहूनही पिन मागतं. पिन टाकून 72 तास झाले की बोट पुरत नाही. म्हणजे तुमच्याकडे जास्तीत जास्त तीन दिवस, आणि शेवटचा पिन कधी टाकला ते आठवत नसेल तर त्याहून कमी.

फोन चार्जरला लावा. बोटाने लॉक्ड फोल्डर उघडा आणि त्यातले सगळे फोटो बाहेर काढा, किंवा लॉक्ड फोल्डरचा बॅकअप सुरू करून वायफायवर तो पूर्ण होऊ द्या. बाहेर काढलेले फोटो केबलने लॅपटॉपवर कॉपी करून घ्या. त्याबरोबर फोनमधले इतर फोटो, व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप, फोन नंबर हेही वाचवा. फोन कोणत्या गुगल खात्यात आहे आणि त्याचा पासवर्ड आपल्याला येतो का, हे तपासा. नवा पिन ठेवायला जुना पिन लागतो, त्यामुळे तो बदलता येणार नाही. सगळं वाचवून झाल्यावर फोन रिसेट करणं हाच शेवट आहे, पण त्यात आता काही जाणार नाही.

फोनचा पिन आठवत नाही आणि बोटही चालत नाही. आधी थोडं थांबून पिन आठवून बघा. चुकीचे प्रयत्न वाढले की फोन दर वेळी जास्त वेळ थांबवतो. नुकताच पिन बदलला असेल, तर जुना पिन आठवणं बऱ्याचदा सोपं जातं. काही नव्या सॅमसंग फोनमध्ये पिन बदलल्यापासून 72 तासांपर्यंत जुन्या पिनने आत जाण्याची सोय आहे.

ते नाही जमलं तर फोनमधलं सगळं पुसून तो नव्याने सुरू करण्यावाचून मार्ग नाही. दुसऱ्या फोनवरून गुगलच्या फाइंड हब या फोन शोधायच्या सोयीत आपल्या खात्याने जाऊन पुसता येतो, किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये. पुसल्यावर फोन आधीचंच गुगल खातं मागतो, म्हणून खात्याचा पासवर्ड हाताशी असल्याशिवाय पुसू नका, नाहीतर फोनही अडकतो. एखादा दुकानदार म्हणेल, डेटा न जाता खोलून देतो. आजच्या अँड्रॉइड फोनमध्ये आतलं सगळं सांकेतिक रूपात साठवलेलं असतं आणि ते उलगडणारी किल्ली तुमच्या पिनशी बांधलेली असते. पिनशिवाय ते वाचता येत नाही. असं आश्वासन देऊन पैसे मागणाऱ्याला फोन देऊ नका.

पुसल्यावर त्याच खात्याने आत या, नवा पिन ठेवा, गुगल फोटोज उघडून `Locked` मध्ये जा. बॅकअप सुरू होता तर फोटो परत येतील. नव्हता तर येणार नाहीत.

गुगल खात्याचा पासवर्ड आठवत नाही. हा पत्ता उघडा:

```
https://accounts.google.com/signin/recovery
```

ज्या फोनवरून तुम्ही हे खातं नेहमी वापरता त्याच फोनवरून आणि घरच्या वायफायवरूनच करा. नेहमीचं उपकरण आणि नेहमीची जागा असेल तर गुगलला तुमची ओळख पटणं सोपं जातं. ओटीपी जोडलेल्या नंबरवर जातो. तो नंबर पाच वर्षांपूर्वी बंद केलेल्या सिमचा असेल तर काम अडतं. म्हणून आज, सगळं आठवत असताना, खात्याच्या `Security` पानावर जाऊन तिथला मोबाइल नंबर आणि दुसरा ईमेल तुमचा आणि चालू आहे ना, ते बघा.

अ‍ॅप लॉकचा पॅटर्न किंवा खासगी अल्बमचा पासवर्ड विसरलात. रेडमी आणि पोकोमध्ये पासवर्ड विसरल्याचा पर्याय दाबून जोडलेल्या शाओमी खात्याने नवा पॅटर्न ठेवता येतो. ओप्पो, रियलमी आणि विवोमध्ये पासवर्ड ठेवताना सुरक्षा प्रश्न किंवा ईमेल भरलेला असतो, त्याने. या प्रश्नांना लोक काहीतरी भरून पुढे जातात. पहिल्या शाळेचं नाव विचारलं तर तुम्ही ते मराठीत लिहिलंत की इंग्रजीत, पूर्ण की आद्याक्षरं, यावर सगळं अडतं. म्हणून उत्तर जसं टाईप केलं, तसंच्या तसं कागदावर लिहून घरच्या महत्त्वाच्या कागदांबरोबर ठेवा. सॅमसंगच्या सिक्युअर फोल्डरमध्ये सॅमसंग खात्याने रिसेट करायची सोय आहे, पण ती सिक्युअर फोल्डरच्या सेटिंगमध्ये आधीच चालू केलेली असावी लागते. आजच उघडून बघा.

व्हॉट्सअ‍ॅपच्या लॉक केलेल्या चॅटचा गुप्त कोड विसरलात. `Privacy` मध्ये `Chat lock` च्या आत कुलूप काढण्याचा पर्याय आहे, पण तो लॉक केलेल्या चॅट आणि त्यांतले फोटो पुसूनच कुलूप काढतो. तिथे फोटो ठेवण्याआधी हे माहीत हवं.

प्ले स्टोअरवरच्या एखाद्या व्हॉल्ट अ‍ॅपचा पासवर्ड विसरलात. कॅल्क्युलेटरसारखं दिसणारं, आत फोटो लपवणारं अ‍ॅप अनेकांच्या फोनमध्ये असतं. सगळ्यांत आधी, ते अनइन्स्टॉल करू नका आणि फोनच्या सेटिंगमधून त्याचा डेटा पुसू नका. काढून पुन्हा घेतल्यावर पासवर्ड नवा ठेवता येईल, हे खरं. पण तेव्हा आतले फोटोही बहुधा गेलेले असतात. आधी तुमच्या ईमेलमध्ये त्या अ‍ॅपचं नाव टाकून शोधा. पहिल्यांदा उघडताना ईमेल दिला असेल तर तिथूनच पासवर्ड परत मिळतो. तो दिलेला नसेल तर फाइल मॅनेजरच्या सेटिंगमध्ये लपलेल्या फाइल्स दाखवण्याचा पर्याय सुरू करून बघा. काही अ‍ॅप्स फोटो फक्त टिंबाने सुरू होणाऱ्या फोल्डरमध्ये हलवतात, आणि टिंबाने सुरू होणारं नाव अँड्रॉइड लपवतं. असं फोल्डर सापडलं आणि फाइल्स उघडल्या, तर आधी ते संपूर्ण फोल्डर लॅपटॉपवर कॉपी करा. फाइल उघडत नसेल, फक्त मोठाल्या अनोळखी फाइल्स दिसत असतील, तर ते अ‍ॅप सांकेतिक रूपात साठवतं आणि पासवर्डशिवाय ते उलगडत नाही. सगळे फोटो हाती लागले, की ते व्हॉल्ट अ‍ॅप काढून टाका आणि फोटो लॉक्ड फोल्डरमध्ये हलवा, बॅकअप सुरू करून, पहिला एकच.